खरा डॉक्टर, खरा जज्ज, खरा सार्जंट
(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं, "अरे, हा तर गप्पांचा विषय, यावर भाषण कसलं?" खरं आहे. अमुक सिनेमातला डॉक्टर खऱ्या आयुष्यातही डॉक्टर आहे, तमुक मालिकेतला वकील खरा वकील आहे, ही माहिती आपण चहाबरोबर तोंडी लावायला घेतो. मीही घ्यायचो. माझ्या आईमुळे या प्रकाराकडे जरा नीट बघायला लागलो.

आई पुण्याला एकटी असते. तिला मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी तिची उपाशीपोटीची साखर एकदम अडीचशेच्या वर गेली. बहिणीने खोदून विचारल्यावर कळलं की आईने तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद करून एक चूर्ण सुरू केलं होतं. मी इथून फोनवर चिडलो. मी स्वतः फार्मासिस्ट, आणि माझीच आई! ती शांतपणे म्हणाली, "अरे, टीव्हीवर जो सांगतो ना, तो नुसता नट नाहीये. मालिकेत डॉक्टर आहे आणि खराही डॉक्टर आहे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं."

मी शोध घेतला. मला वाटलं होतं, थाप असेल. थाप नव्हती. तो गृहस्थ खरोखरच डॉक्टर होता. दातांचा.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की "खरं की खोटं" एवढंच विचारून अशा गोष्टींचा निकाल लागत नाही. दावा अक्षरशः खरा असू शकतो आणि तरीही आपल्या कामाचा नसतो. म्हणून आज मी तीन-चार गाजलेली उदाहरणं उलगडून दाखवणार आहे. सगळी अमेरिकेतली आहेत, कारण इथली कागदपत्रं आपल्याला घरबसल्या पाहता येतात.

पहिलं उदाहरण आपल्याच जेवणातलं. मागच्या बैठकीनंतर ओटो प्रेमिंजरच्या १९५९ सालच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' या सिनेमाचा विषय निघाला. जेम्स स्ट्युअर्ट त्यात वकील आहे. कोणीतरी म्हणालं, "त्यातला जज्ज माहीत आहे ना? तो खराच जज्ज होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाऊन शोधलं.

न्यायाधीश वीव्हरची भूमिका करणाऱ्याचं नाव जोसेफ वेल्च. हा माणूस धंद्याने नट नव्हता, इथपर्यंत दावा बरोबर आहे. पण तो जज्ज नव्हता, बॉस्टनचा वकील होता. १९५४ साली सिनेटर मॅकार्थी आणि अमेरिकन लष्कर यांच्यातल्या वादाची सिनेटमध्ये सुनावणी झाली, ती टीव्हीवर देशभर दिसत होती. त्यात वेल्च लष्कराचे विशेष वकील होते. ९ जून १९५४ रोजी मॅकार्थीने वेल्च यांच्या ऑफिसातल्या एका तरुण वकिलावर चिखल उडवला, तेव्हा तुम्हाला काही चाड उरली आहे की नाही, असं वेल्च यांनी भर सभेत विचारलं. मॅकार्थीच्या दहशतीला तिथून उतरती कळा लागली असं बरेच जण मानतात. पाच वर्षांनी प्रेमिंजरने या चेहऱ्याला न्यायासनावर बसवलं.

मग "खरा जज्ज" ही समजूत आली कुठून? त्या सिनेमाच्या आसपास एक खराखुरा न्यायाधीश होता, पण तो पडद्यावर नव्हता. ज्या कादंबरीवरून सिनेमा निघाला ती रॉबर्ट ट्रॅव्हर या टोपणनावाने जॉन व्होल्कर यांनी लिहिली होती. व्होल्कर आधी मिशिगनमध्ये सरकारी वकील होते, नंतर मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५२ साली तिथे झालेल्या एका खऱ्या खुनाच्या खटल्यात ते आरोपीचे वकील होते, आणि त्यावरच ही कथा बेतलेली आहे. चित्रीकरणही त्याच भागात, खऱ्या कोर्टाच्या इमारतीत झालं. म्हणजे कोर्ट खरं, लेखक खरा न्यायाधीश, आणि जज्ज झालेला माणूस खरा वकील. चार जणांच्या तोंडून गोष्ट जाता जाता लेखकाचा हुद्दा नटाला चिकटला, असा माझा कयास आहे.

अशा चुका होण्याची ही नेहमीची तऱ्हा आहे. बहुतेक वेळा कोणी खोटं रचत नाही. खऱ्या गोष्टीचा एक तुकडा निसटतो आणि शेजारच्या माणसावर जाऊन बसतो. म्हणून तपासताना मी एक साधा नियम पाळतो. सिनेमाच्या प्रसिद्धीत काय लिहिलं होतं ते शेवटी बघायचं. आधी तो माणूस पडद्यावर येण्यापूर्वी कुठे सापडतो ते बघायचं. वेल्च १९५४ च्या सुनावणीच्या अधिकृत वृत्तांतात पानोपानी सापडतात, आणि तिथे त्यांचा हुद्दा वकील असाच आहे. तेव्हा त्यांना सिनेमात घेण्याचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सिनेमानंतर छापलेल्या दहा लेखांपेक्षा सिनेमाआधीचा असा एक कागद जास्त वजनाचा असतो. दहा लेखांत एकच वाक्य शब्दशः सारखं दिसलं, तर ते दहा साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराचे दहा प्रतिध्वनी आहेत, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरं उदाहरण बव्हंशी खरं ठरणारं आहे. स्टॅनली कुब्रिकच्या १९८७ च्या 'फुल मेटल जॅकेट'मधला तो शिव्यांची बरसात करणारा सार्जंट हार्टमन आठवत असेल. ती भूमिका करणारा ली अर्मी खरोखर मरीन दलात होता. तो १९६१ साली भरती झाला, १९६५ ते १९६७ या काळात सॅन डिएगोच्या केंद्रात नव्या रंगरुटांना कवायत शिकवणारा ड्रिल इन्स्ट्रक्टर होता, आणि १९७२ साली वैद्यकीय कारणावरून निवृत्त झाला. कुब्रिकने त्याला आधी फक्त तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलं होतं. भूमिका दुसऱ्या नटाला दिलेली होती. अर्मीने एक टेप बनवली. त्यात अंगावर चेंडू नि संत्री फेकली जात असताना तो न थांबता, न अडखळता पाऊण तासाच्या शिव्या पंधरा मिनिटांत देत होता म्हणा ना! ती टेप बघून कुब्रिकने भूमिका त्याला दिली. आधीच्या नटाच्या वाट्याला हेलिकॉप्टरमधल्या बंदुकवाल्याचं छोटं काम आलं.

इथे दावा मुळात पक्का आहे. तरीही कडेकडेने दोन गोष्टी वेगळ्या निघतात. हार्टमनचं केंद्र सिनेमात साउथ कॅरोलायनातलं पॅरिस आयलंड आहे. अर्मीने शिकवलं ते कॅलिफोर्नियात. दुसरी गोष्ट हुद्द्याची. हार्टमन गनरी सार्जंट आहे, अर्मी निवृत्त झाला तो त्याखालच्या स्टाफ सार्जंट या हुद्द्यावर. गनरी सार्जंट हा हुद्दा त्याला २००२ साली मानद म्हणून देण्यात आला, आणि तो मिळण्यात त्या भूमिकेच्या लोकप्रियतेचा मोठा हात होता. म्हणजे गंमत बघा, खऱ्या आयुष्यामुळे भूमिका मिळाली आणि भूमिकेमुळे खऱ्या आयुष्यातला हुद्दा मिळाला. २००२ नंतरची एखादी नोंद वाचून कोणी म्हणेल, "गनरी सार्जंटने गनरी सार्जंटची भूमिका केली," तर ते कागदावर बरोबर दिसेल आणि काळाच्या हिशोबाने चूक असेल. त्यामुळे "होता का?" याच्या जोडीला "कधी होता?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

आता डॉक्टरांकडे येऊ. इथे तपासणी सोपी आहे, कारण डॉक्टरकीला परवाना लागतो आणि परवान्याची नोंद उघड असते. पण परवाना म्हणजे नक्की काय हे आधी समजून घ्यावं लागतं.

केन जियाँग हा नट घ्या. 'द हँगओव्हर'मुळे तो घराघरांत पोचला, पण त्याआधी २००७ साली 'नॉक्ड अप' या सिनेमात त्याने डॉक्टरचं काम केलं होतं. तो खरा डॉक्टर आहे का? आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९९५ साली एम.डी., न्यू ऑर्लिन्सला इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, मग लॉस एंजेलिसजवळ एका मोठ्या आरोग्यसंस्थेत काही वर्षं नोकरी. दिवसा रुग्ण बघायचे आणि रात्री क्लबात विनोद सांगायचे.

हे पडताळायचं कसं? इथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं मेडिकल बोर्ड असतं. त्याच्या वेबसाइटवर नाव टाकलं की परवाना क्रमांक, तो कधी दिला, कधीपर्यंत चालू आहे, कुठल्या कॉलेजातून कुठल्या वर्षी पदवी घेतली, आणि बोर्डाने काही कारवाई केली असेल तर ती, हे सगळं फुकट दिसतं. पहिली अडचण नावाची. पडद्यावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव एक असेलच असं नाही. केन हे केंड्रिकचं लघुरूप आहे. इंग्लंडमध्ये हॅरी हिल या नावाने गाजलेला विनोदकार डॉक्टर आहे, पण हॅरी हिल नावाने शोधाल तर तो सापडणार नाही, कारण त्याचं खरं नाव मॅथ्यू हॉल. उलटही होतं. नाव जुळतं आणि माणूस भलताच निघतो. म्हणून नावासोबत कॉलेज आणि वर्ष हे दोन्ही जुळल्याशिवाय मी "सापडला" म्हणत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. कॅलिफोर्नियात परवान्याचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि तेवढ्या काळात पन्नास तासांचं पुढचं शिक्षण पुरं करावं लागतं. म्हणजे परवाना चालू ठेवणं हे चालू काम आहे, भिंतीवर टांगलेली तसबीर नाही. इंग्लंडमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलच्या यादीत २००९ सालापासून हा फरक स्पष्टच लिहिलेला असतो. नोंदणी आहे आणि परवानाही आहे, असे एक, आणि नोंदणी आहे पण व्यवसायाचा परवाना नाही, असे दुसरे. आपल्या महाराष्ट्रात मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. देशपातळीवरच्या यादीत नाव दिसलं म्हणजे तो माणूस आज रुग्ण तपासतो असं मात्र धरून चालू नका.

तिसरी अडचण सर्वांत मजेदार आहे, आणि माझ्या आईची चूक तीच होती. 'नॉक्ड अप'मध्ये जियाँग कसला डॉक्टर आहे? बाळंतपण करणारा. आणि प्रत्यक्षात? इंटर्निस्ट, म्हणजे मोठ्या माणसांच्या पोटापासून रक्तदाबापर्यंतच्या सर्वसाधारण आजारांचा डॉक्टर. "खऱ्या डॉक्टरने डॉक्टरचं काम केलं" हे वाक्य खरं आहे, पण त्या प्रसूतीच्या प्रसंगातलं काम हे त्याचं काम नव्हतं. पुढे २०१५ ते २०१७ या काळात 'डॉ. केन' या मालिकेत त्याने साध्या तपासणीच्या डॉक्टरचं काम केलं, तिथे व्यवसाय आणि भूमिका नीट जुळतात. आणि हा फरक राज्याच्या परवान्यावरून कळत नाही, हे ध्यानात घ्या. अमेरिकेतला परवाना सरसकट वैद्यकीय व्यवसायाचा असतो. विशेषज्ञ म्हणून मान्यता त्या त्या शाखेचं बोर्ड देतं, आणि ते वेगळं बघावं लागतं.

म्हणजे दाव्याचे तीन तुकडे झाले. पदवी आहे का? त्या काळात परवाना होता का? आणि पडद्यावर दिसतं तेच काम तो माणूस करत होता का? हे तीन तुकडे वेगळे केले नाहीत तर काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण आता सांगतो.

२००६ साली इथल्या टीव्हीवर कोलेस्टेरॉलच्या लिपिटॉर या गोळीची जाहिरात सुरू झाली. त्यात एक सडपातळ, पिकल्या केसांचे गृहस्थ यायचे, डॉ. रॉबर्ट जार्विक. कृत्रिम हृदयाचे संशोधक अशी ओळख. डॉक्टर असलो तरी मलाही कोलेस्टेरॉलची काळजी असते, अशा अर्थाचं ते बोलायचे. एका जाहिरातीत ते डोंगरांमधल्या शांत तळ्यात एकट्याची होडी झपाझप वल्हवताना दिसायचे. इथे नट डॉक्टर झाला नव्हता, डॉक्टर स्वतःचीच भूमिका करत होता. यापेक्षा खरं काय असणार?

आपण आपले तीन प्रश्न विचारू. पदवी? होती. युटा विद्यापीठाची एम.डी., १९७६ सालची. परवाना? नव्हता. पदवीनंतर त्यांनी इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी केलीच नाही, त्यामुळे रुग्णावर उपचार करण्याचा परवाना त्यांना कधी मिळाला नव्हता. पदवीने त्यांना नावामागे डॉक्टर लावायचा हक्क होता, पण कायद्याने ते कोणाला ही गोळी लिहून देऊ शकत नव्हते. आणि काम? ते संशोधक होते. १९८२ च्या डिसेंबरमध्ये बार्नी क्लार्क या रुग्णाच्या छातीत जार्विक-७ हे यंत्र बसवलं, ते सर्जन विल्यम डीव्हरीज यांनी. क्लार्क ११२ दिवस जगले. कृत्रिम हृदयावर त्याआधी विलेम कोल्फ यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. जार्विक यांच्या काही जुन्या सहकाऱ्यांनीच कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा जाहिरातीत "कृत्रिम हृदयाचे" ऐवजी "जार्विक कृत्रिम हृदयाचे" संशोधक असा बदल झाला. एक शब्द वाढला आणि दावा केवढा आक्रसला बघा.

आणि ती होडी? वल्हवणारा माणूस दुसराच होता, त्यांच्यासारखा दिसणारा एक नावाडी. म्हणजे डॉक्टरच्या खरेपणावर उभ्या असलेल्या जाहिरातीत डॉक्टरचा डमी होता!

जानेवारी २००८ मध्ये प्रतिनिधी सभेच्या समितीने याची चौकशी सुरू केली. जार्विक यांच्याशी केलेला करार दोन वर्षांसाठी किमान साडेतेरा लाख डॉलरचा होता, हे बाहेर आलं. २५ फेब्रुवारी २००८ रोजी कंपनीने या जाहिराती मागे घेतल्या आणि त्यांतून गैरसमज झाल्याचं मान्य केलं.

यात गोळी खोटी नव्हती, हे मी फार्मासिस्ट म्हणून आवर्जून सांगतो. औषध चांगलंच होतं आणि आहे. प्रश्न वेगळा होता. २००६ सालीच सिमव्हास्टॅटिन हे त्याच कुळातलं औषध जेनेरिक म्हणून स्वस्तात मिळायला लागलं होतं. लिपिटॉरचं जेनेरिक यायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला. पुष्कळ रुग्णांचं काम स्वस्त गोळीने भागलं असतं. कोणाला कुठली गोळी, हा निर्णय त्या माणसाचा कोलेस्टेरॉल, त्याचा हृदयविकाराचा धोका आणि त्याची इतर औषधं बघून घ्यायचा असतो. त्या जागी लोकांच्या मनात होडी वल्हवणारा डॉक्टर बसला.

इथे एक चौथा प्रश्न आपोआप येतो, आणि तो त्या माणसाबद्दलचा नाहीच. या खरेपणाच्या जोरावर माझ्याकडून काय मान्य करून घेतलं जात आहे? अर्मी खरा सार्जंट होता यावरून आपण एवढंच मान्य करतो की त्याची ओरडण्याची ढब अस्सल असावी. तेवढं ठीक आहे, त्यात कोणाचं नुकसान नाही. हुद्दा एखाद पायरी चुकला तरी चालतं. जार्विक यांच्या बाबतीत लाखो लोक मासिक खर्चाचा निर्णय मान्य करत होते. तिथे तपासणीही तेवढीच कडक हवी. मी तरी दाव्याच्या मागे किती वेळ घालवायचा ते या चौथ्या प्रश्नावरून ठरवतो. सिनेमाच्या गप्पा असतील तर दोन मिनिटं. पुढ्यात बाटली किंवा गोळी असेल तर परवाना, शाखा, वर्ष, सगळं.

खोटेपणाची कबुली दिली तरी हा परिणाम जात नाही, हेही सांगून ठेवतो. १९८४ साली खोकल्याच्या औषधाची एक जाहिरात आली. त्यात दैनंदिन मालिकेत डॉक्टर होणारा क्रिस रॉबिन्सन हा नट सरळ सांगायचा की मी डॉक्टर नाही, टीव्हीवर डॉक्टरचं काम करतो. आणि पुढे औषधाची शिफारस करायचा! १९८६ साली नट बदलला, पीटर बर्गमन आला, तोही दुसऱ्या मालिकेतला डॉक्टर. वाक्य तेच राहिलं. म्हणजे जाहिरातदारांना ठाऊक होतं की लोक पांढऱ्या कोटाचं ऐकतात, कोटाच्या आतल्या माणसाची चौकशी फारसे करत नाहीत.

शेवटी आपल्या माणसाकडे येतो. डॉ. श्रीराम लागू. त्यांच्या नावामागचा "डॉ." शंभर टक्के खरा होता. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते, पुण्यात आणि टांझानियात त्यांनी प्रॅक्टिस केली, आणि १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, ती सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला, 'नटसम्राट' आलं. त्यात ते कोण होते? एक म्हातारा नट. तेव्हा आजच्या विषयाच्या काटेकोर भाषेत सांगायचं तर खरा व्यवसाय आणि भूमिका जुळल्याचं मराठीतलं हे मोठं उदाहरण आहे, फक्त तो व्यवसाय डॉक्टरचा नव्हे, नटाचा. तारीख बघितली नाही तर हे सुटून जातं.

आई आता गोळ्या नियमित घेते. परवा फोनवर म्हणाली, "अरे, नवीन जाहिरात आलीय गुडघ्याच्या तेलाची. तोही डॉक्टर आहे म्हणे." माझ्या पोटात गोळा आला. मग तीच म्हणाली, "मी वहिनींना विचारलं, कसला डॉक्टर? त्यांना सांगता येईना. मग नाही घेतलं."